सउदाद 'येते' की 'लागते'?

प्रश्न: माझे आईवडील मूळ मडगावचे, मी लिस्बनमध्ये वाढले. नवरा कोल्हापूरचा, आता आम्ही पुण्यात राहतो. पप्पांशी फोनवर बोलताना माझ्या तोंडून सारखं 'सउदादश' निघतं. नवरा विचारतो, म्हणजे काय? मी 'आठवण' सांगितलं की म्हणतो, 'मग आठवणच म्हण की!' पण ती नुसती आठवण नसते. रोजच्या जगण्यातली उदाहरणं देऊन त्याला हे कसं समजावू?

उत्तर:

'आठवण' हा शब्द तुम्ही दिलात आणि तिथेच गाडं अडलं. तो चुकीचा नाही, पण नवऱ्याच्या इतक्या ओळखीचा आहे की ऐकताक्षणी त्याला समजल्यासारखं वाटतं आणि विषय संपतो. मी बावीस वर्षं पणजीत पोर्तुगीज शिकवते, मधूनमधून दुभाषाचं काम करते. सुरुवातीची काही वर्षं मीही फळ्यावर 'सउदाद' लिहून पुढे बरोबरचं चिन्ह काढत असे आणि त्यापुढे मराठी शब्द बदलत बसत असे. आता ते सोडून दिलं. नाम बाजूला ठेवते आणि आधी क्रियापदाकडे जाते, कारण माझ्या अनुभवात मराठी माणसाला हा शब्द क्रियापदाच्या वाटेनेच कळतो.

तुमच्या घरच्या भाषेत भूक लागली तर तुम्ही म्हणता 'तेन्यु फोम', म्हणजे शब्दशः 'माझ्याकडे भूक आहे'. तहानेसाठी 'तेन्यु सेद'. आणि पप्पांना म्हणता 'तेन्यु सउदादश', हे सउदादचंच अनेकवचन. तिन्ही वाक्यांची ठेवण एकच आहे. ब्राझीलमध्ये 'भुकेसोबत आहे' आणि 'सउदादसोबत आहे' असं म्हणायची पद्धत जास्त, पण तिथेही भूक आणि सउदाद एकाच पंगतीला बसतात. आता मराठीत या पंगतीचं क्रियापद कोणतं? भूक लागते, तहान लागते, झोप लागते, ओढ लागते, हुरहूर लागते, उचकीसुद्धा लागते. आठवण मात्र 'येते'. येणारी गोष्ट पाहुण्यासारखी दारातून येते, बसते, निघून जाते. लागणारी गोष्ट अंगाला लागते. नवऱ्याला पहिलं वाक्य हे सांगा: 'मला पप्पांची सउदाद लागली आहे.' शब्द परका, पण क्रियापद त्याच्या आईच्या तोंडचं. त्या एका 'लागली'मुळे अर्धं काम होतं. बादली, चावी, बटाटा, पगार हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले आणि आपल्याच व्याकरणात वाढवले, तसाच हाही घरात वाढू द्या. शिवाय हा शब्द पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी आहे, आणि आठवण, ओढ, हुरहूर याही तिघी स्त्रीलिंगी, त्यामुळे वाक्यात तो कुठेही अडखळत नाही.

याच वाटेवर पुढे एक मोठा खड्डा आहे. कोणाला खूप दिवसांनी भेटून मन निवलं की पोर्तुगीजमध्ये म्हणतात 'मतार सउदादश', शब्दशः 'सउदाद मारणे'. मराठी कानाला हे भलतंच ऐकू येतं. आपण 'भूक मारली' म्हणतो तेव्हा न जेवता भूक दडपलेली असते. 'मन मारलं' म्हणजे इच्छा गिळली. म्हणून मराठी नवऱ्याला वाटतं की आठवण दाबून टाकायची, विसरायचा प्रयत्न करायचा. अर्थ बरोबर उलटा आहे. तिकडे भूक आणि तहानही 'मारतात', आणि त्याचा अर्थ पोटभर खाणं, घटाघटा पाणी पिणं असा होतो. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: भागणे. तहान भागली, भूक भागली, तशी सउदाद भागली. माझ्या वर्गात एका मुलाने उताऱ्याचं भाषांतर करताना 'आजीला भेटून तिने आठवणी मारून टाकल्या' असं लिहिलं होतं. नात आजीच्या कुशीत शिरली होती आणि भाषांतरात मात्र जणू तिने आजीला मनातून काढून टाकलं होतं. तेव्हापासून मी 'लागणे' आणि 'भागणे' ही जोडी पहिल्याच दिवशी देते.

आता तुमच्या नवऱ्याच्या मुद्द्याकडे येऊ, 'मग आठवणच म्हण की'. त्याला वाद घालून पटवू नका, एक साधं वाक्य पुढे करा: 'उद्या वीजबिल भरायची आठवण कर.' इथे आठवण हा शब्द अगदी चपखल बसतो, पण कोणालाही वीजबिलाची सउदाद लागत नाही. मराठी आठवण सगळ्यांना सामावून घेणारी आहे. तिच्यात हिशोबही येतो, अपमानही येतो, गॅस बंद केला का हेही येतं. सउदाद फक्त जिव्हाळ्याच्या गोष्टीचीच लागते. मग तो म्हणेल, बरं, 'ओढ' म्हण. ओढ खूप जवळची आहे, यात शंका नाही. माहेरची ओढ, घराची ओढ, पंढरीची ओढ. पण ओढीला पाय असतात, ती कुठेतरी निघालेली असते. जिथे पोचता येतं तिकडेच ओढ लागते. वारलेल्या आजीची आपल्याला 'ओढ लागली' असं आपण सहसा म्हणत नाही. सउदाद जिवंत माणसाची लागते, गेलेल्या माणसाची लागते, पाडलेल्या वाड्याची लागते आणि उद्या दुपारच्या गाडीने परत येणाऱ्या बायकोचीही लागते. पोचता येणं न येणं याच्याशी तिला कर्तव्य नाही.

'हुरहूर' म्हटलं तर तिला नाव-गाव नसतं. कातरवेळी हुरहूर लागते, कशाची ते सांगता येत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशीही लागते. सउदादच्या मागे मात्र बहुतेक वेळा 'अमक्याची' हा शब्द असतोच. 'विरह' कवितेत ठीक, जेवणाच्या ताटावर तो टिकत नाही. मी लिस्बनला गेले की मला सोलकढीची सउदाद लागते, तिचा विरह होत नाही. या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो 'चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय' हा आपला प्रयोग. घरातलं माणूस गावी गेलं की आपण हे म्हणतो. डबा भरताना हात दोन डब्यांकडे जातो, मग एक परत ठेवायचा. तो हात अर्ध्यावर थांबतो ना, त्या क्षणी जे असतं ते सउदादच्या अगदी उंबऱ्यावर आहे. कमी पडतो तो गोडवा. त्याच्याकडे मी नंतर येते.

म्हणजे आठवण तिला 'कोणाची' ते देते, ओढ तिला जोर देते, हुरहूर तिला ती अस्वस्थ चव देते. मराठीत तिन्ही आहेत, वेगवेगळ्या डब्यांत. पोर्तुगीजने ती एका डब्यात ठेवली आहेत. आपली भाषा इथे गरीब आहे असं मला अजिबात वाटत नाही. 'करमत नाही' हा शब्द मला पोर्तुगीज विद्यार्थ्यांना समजावताना इतकाच घाम फुटतो.

एक जोडपं माझ्याकडे येत असे. तो चिपळूणजवळच्या गावचा, ती पोर्तोची. गणपतीला तो एकटाच गावी गेला होता, तीन आठवडे. तिथून त्याने तिला पोर्तुगीजमध्ये संदेश पाठवला: 'लेंब्रु-म द ती.' त्याच्या मनात होतं 'तुझी आठवण येते'. पण त्या वाक्याचा पोर्तुगीज अर्थ आहे 'तू मला आठवतेस', म्हणजे आपण शाळेतल्या एखाद्या मुलीबद्दल म्हणतो ना, 'हो हो, आठवते मला ती', तसा. तिने तो फोनवर मला वाचून दाखवला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. तीन आठवड्यांत मी 'आठवावं लागणारी' झाले का, असं तिचं म्हणणं. तो बिचारा तिकडे खरोखर व्याकूळ होता. तुमच्या घरी याच्या उलट घडत असणार: तुमचं भरलेलं वाक्य नवऱ्यापर्यंत पोचताना 'आठवण' होऊन हलकं होत असेल.

तो परत आल्यावर मी त्याला पोर्तुगीज काहीच विचारलं नाही. विसर्जनाचा दिवस सांग म्हटलं, मराठीत. तो सांगत गेला. सकाळी आरतीला मूर्ती समोर होती, फुलं ताजी होती, सगळं घर भरलेलं होतं, तरी आईने मोदकाचं ताट ठेवताना डोळ्यांना पदर लावला. गणपती अजून मखरात असताना. संध्याकाळी नदीवरून परत येताना पाटावर मूठभर वाळू आणली, रिकाम्या मखरात तो पाट ठेवला, समोर समई तेवत ठेवली आणि सगळे तिथेच थोडा वेळ बसून राहिले. कोणी उठेना. रात्री धाकट्या पुतण्याने सवयीने टाळ उचलला आणि मग परत ठेवला.

मी त्याला म्हटलं, सकाळचा पदर हीसुद्धा सउदाद आणि संध्याकाळचा पाट हीसुद्धा. पोर्तुगीजमध्ये स्टेशनवर माणूस अजून डब्यात चढलेलं नसताना म्हणतात, 'झा तेन्यु सउदादश', आत्ताच सउदाद लागली. समोर असलेल्या गोष्टीची आठवण येत नाही, ती यायला गोष्ट आधी जावी लागते. सउदादला तेवढीही वाट पाहायची गरज नसते. गणपती असताना आईचे डोळे भरतात हे ज्याने घरात पाहिलं आहे, त्याला हा भाग शिकवावा लागत नाही, दाखवून द्यावा लागतो. आणि 'पुढच्या वर्षी लवकर या' यात तर सगळंच आहे: जाणं आहे, येणं आहे, माया आहे, आणि ते मोठ्याने, ताशाच्या गजरात म्हणायचं आहे.

कोल्हापूरकराला हेच त्याच्या घरच्या एखाद्या रविवारातून दाखवता येईल. समजा, पुण्यात तुम्ही दोघं तांबडा रस्सा खायला जाता. रस्सा चांगला असतो, भूक भागते, तरी तो बिल देताना म्हणतो, 'पण घरच्यासारखं नाही.' तिथे थांबा आणि विचारा, घरचं म्हणजे नेमकं काय? तो आधी मसाल्याचं सांगेल. अजून विचारा. मग कदाचित निघेल की वडील सकाळी पिशवी घेऊन मटण आणायला जायचे, तो मागे सायकलवर बसायचा, आल्यावर आई पाटा मांडायची आणि दुपारपर्यंत सगळ्या घराला तो वास असायचा. त्याला रश्श्याची सउदाद नाही, त्या दुपारची आहे. रस्सा पुन्हा मिळतो, दुपार मिळत नाही. जेव्हा तो स्वतः रश्श्यावरून दुपारीवर येईल, तेव्हा त्याला नाव द्या: 'हीच ती.' आधी देऊ नका. नाव आधी दिलं की तो डोक्याने समजून घेईल आणि पुढच्या आठवड्यात विसरेल.

आता गोडव्याचं. ही बाजू समजावणं मला सर्वांत अवघड जातं, कारण विरह, तळमळ, कासावीस हे आपले शब्द दुःखाकडे झुकलेले आहेत. मी एकच कसोटी वापरते: हे वाटणं थांबवायचं बटण दिलं तर तू दाबशील का? दात दुखत असेल तर कोणीही दाबेल. काळजीचंही दाबेल. वडिलांच्या जुन्या शर्टाला अजून येणारा वास घेताना जे होतं, त्याचं बटण कोणी दाबत नाही. डोळे भरतात, पण शर्ट धुवायला टाकवत नाही. नवऱ्याच्या घरात अशी न धुतलेली एखादी वस्तू नक्की असेल. शर्टच असेल असं नाही, एखादं घड्याळ, चष्म्याची डबी, कोणाच्या हस्ताक्षरातली वाणसामानाची यादी. ती फेकली का नाहीस, एवढंच विचारा.

समुद्र, जहाजं आणि खलाशांच्या बायकांची गोष्ट मात्र सांगू नका. ती सगळीकडे सांगतात, ऐकायलाही छान वाटते, पण तिने दोन नुकसानं होतात. एक तर ती शब्दाचं मूळ म्हणून खरी नाही. हा शब्द लॅटिनच्या 'एकटेपणा'पासून आला आणि जुन्या 'सोइदाद' या रूपात तो राजा दिनिशच्या प्रेमकवितेत आहे. दिनिश वारला 1325 साली, वास्को द गामा कालिकतला पोचला 1498 साली. म्हणजे जहाजं निघायच्या कितीतरी आधी प्रेयसी दिसत नाही म्हणून हा शब्द वापरला जात होता. दुसरं नुकसान जास्त मोठं: नवरा तुमची सउदाद पोर्तुगालच्या खात्यात टाकेल, 'तुमच्याकडचं काहीतरी' म्हणून, आणि ती त्याच्या स्वयंपाकघरात येणारच नाही.

इतिहासातून सांगायचंच असेल तर राजा दुआर्तचं सांगा. त्याने 1433 ते 1438 राज्य केलं आणि राणीच्या विनंतीवरून 'लेआल कोन्सेल्येइरु' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात त्याने या भावनेवर लिहिलं आहे की ती बुद्धीतून नाही, हृदयातून येते, तिच्यात कधी दुःख असतं कधी सुख, आणि लॅटिनमध्ये किंवा मला माहीत असलेल्या दुसऱ्या भाषेत याला शब्द नाही. राणी लिओनोर अरागॉनची होती, तिची मायबोली पोर्तुगीज नव्हती. दुसऱ्या भाषेत वाढलेल्या आपल्या जोडीदारासाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने हा शब्द उलगडायचा प्रयत्न केला, आणि तुम्ही आज पुण्यात तेच करत आहात. तो राजाही व्याख्येवर थांबला नाही, कधी सुखाची कधी दुःखाची असं उदाहरणांतून उलगडत गेला.

नवऱ्याला शब्द कळू लागला की तो सुरुवातीला जरा जास्त वापरेल, आणि तिथे हलकेच वळवा. कधी न पाहिलेल्या जपानला जावंसं वाटणं ही सउदाद नाही, तिथे आपली 'ओढ' पुरेशी आहे. जर्मन लोकांकडे दूरच्या, न पाहिलेल्या गोष्टीसाठी वेगळे शब्द आहेत, ते त्यांच्याकडेच राहू देत. सउदाद लागायला आधी सहवास लागतो, निदान थोडा तरी. दुसरी चूक स्वराची असते. आपल्याकडे 'तुला माझी आठवण येत नाही का?' यात तक्रार असते, समोरच्याने काहीतरी द्यायचं असतं. 'तेन्यु सउदादश तुअश', म्हणजे 'मला तुझी सउदाद लागली आहे', असं म्हणणारा काही मागत नाही. त्याला उत्तर म्हणून स्पष्टीकरण द्यायचं नसतं. हे नवऱ्याला सांगायला विसरू नका, नाहीतर तुम्ही एकदा त्याला ते म्हणाल आणि तो 'अगं, मीटिंग होती' असं सांगत बसेल.

पप्पांच्या फोनपुरतं बोलायचं तर मराठीत एक तयार वाट आहे, आणि ती मला फार आवडते. पोर्तुगीजमध्ये फोन ठेवताना 'आईला सउदादश सांग' असं म्हणता येतं, तिथे तो शब्द जवळजवळ निरोपाचं काम करतो. आपल्याकडे याला 'आठवण काढणे' आहे. 'आईने तुझी आठवण काढली', 'परवाच तुमची आठवण काढत होतो.' इथे आठवण आपोआप येत नाही, कोणीतरी ती मुद्दाम, मायेने, चारचौघांत काढतं आणि मग तसं कळवतंही. ज्याची काढली त्याला तिकडे उचकी लागते, ही समजूत तर दोघांमधलं अंतरच पुसून टाकते. पुढच्या वेळी पप्पांचा फोन झाला की नवऱ्याला सांगा, 'पप्पांनी तुमची आठवण काढली.' तो हे वाक्य एका क्षणात समजेल. मग सांगा की पप्पांनी शब्द वापरला होता सउदादश.

चिपळूणच्या त्या मुलाचं एवढंच सांगते. वर्षभराने दोघं पोर्तोला गेली. तिथून त्याने मला चार ओळी मराठीत पाठवल्या. बर्फासारखं थंड पाणी नळाला येतं, चांगलं आहे, पण घरच्या विहिरीच्या पाण्याची सउदाद लागली आहे, मे महिन्यात तळाशी जाऊन भरलेल्या कळशीची. खाली बायकोने एक ओळ जोडली होती, मराठीत, अक्षर वेडंवाकडं: 'आता मला पण लागली.' तिने त्या विहिरीचं पाणी एकाच उन्हाळ्यात प्यायलं होतं.